तुटक फेऱ्यांना अटकाव

फिरत्या विक्रेत्याने प्रत्येक शहराला एकदाच भेट देऊन घरी परतायचे, तर सर्वांत छोटी फेरी कोणती? १९५४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधील जॉर्ज डँट्झिग, रे फुल्करसन आणि सेल्मर जॉन्सन यांनी ४९ शहरांसाठी याचे उत्तर काढले. ४८ राज्यांतले एकेक शहर आणि राजधानी वॉशिंग्टन. वॉशिंग्टन ते बॉस्टन या वाटेवर सात शहरे आपसूकच येत होती, म्हणून हिशेब ४२ शहरांवर आला.

४२ शहरांच्या जोड्या ८६१. प्रत्येक जोडीला एक चल द्यायचे: तो रस्ता घेतला तर १, नाही तर ०. निवडलेल्या रस्त्यांची एकूण लांबी कमीत कमी हवी आणि प्रत्येक शहराला बरोबर दोन रस्ते हवेत, एक येण्याचा, एक जाण्याचा. ही इंटिजर प्रोग्रॅमची मांडणी. दिसायला पुरेशी, पण तिच्यात एक भोक आहे.

सहा शहरे घ्या: तीन पूर्वेला, तीन पश्चिमेला. एकाच बाजूच्या कोणत्याही दोन शहरांत १० मैल, पूर्व-पश्चिम अंतर १०० मैल. गणित दोन सुटे त्रिकोण काढून ६० मैल असे उत्तर देते. प्रत्येक शहराला दोन रस्ते मिळाले, अट पाळली गेली. पण पूर्वेचा विक्रेता पश्चिमेला पोचलाच नाही. म्हणून नवी अट घालायची: पूर्वेच्या तीन शहरांमधून बाहेर जाणारे किमान दोन रस्ते घेतलेच पाहिजेत. आता आतले चार आणि मधले दोन रस्ते मिळून २४० मैलांची अखंड फेरी निघते.

अशी अट शहरांच्या प्रत्येक गटासाठी हवी, आणि ४२ शहरांत असे गट दोन लाख कोटींहून जास्त होतात. सगळ्या अटी लिहिणे अशक्य. पण लिहायची गरजही नाही. आधी त्यांच्याविना गणित सोडवायचे. उत्तरात एका शहरापासून निवडलेल्या रस्त्यांनी चालत जायचे. सगळी शहरे होण्याआधीच मूळ जागी परतलो, तर वाटेतल्या शहरांचा तो गट दोषी. तेवढ्याच गटाची अट घालून पुन्हा सोडवायचे.

दुसरी अडचण अपूर्णांकांची. गणित सोपे व्हावे म्हणून चलांना ० ते १ मधली कोणतीही किंमत घेऊ देतात. मग अंतरे वेगळी असतील तर दोन्ही त्रिकोणांच्या बाजूंना प्रत्येकी अर्धा आणि त्यांना जोडणाऱ्या तीन रस्त्यांना पूर्ण १ असे उत्तर येऊ शकते. प्रत्येक शहराची बेरीज दोन भरते, गटाची एकही अट मोडत नाही, तरी ही फेरी नव्हे. इथे वेगळ्या प्रकारच्या अटी लागतात, किंवा एखादा रस्ता एकदा ० आणि एकदा १ धरून दोन्ही शाखा तपासाव्या लागतात.

त्या तिघांनाही अशा जादा अटी लागल्या. मूठभर अटींनंतर मात्र ही ढिली मांडणीदेखील १२,३४५ मैलांच्या त्यांच्या फेरीखाली जाईना. प्रत्येक खरी फेरी या अटी पाळतेच. त्यामुळे याहून छोटी फेरी असूच शकत नाही, हे सिद्ध झाले.