वरची बाजू सुरक्षित, खालची उघडी

ऑप्शन विकून महिन्याचं उत्पन्न काढणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती उघड्या कॉलची. कॉल विकला आणि बाजार उसळला, तर तोटा कुठे थांबेल ते सांगता येत नाही. अमेरिकेतल्या ऑप्शन व्यापाऱ्यांनी यावर 'जेड लिझर्ड' नावाची एक मांडणी रूढ केली. टेस्टीट्रेड या वाहिनीमुळे ती जगभर पोहोचली आणि आता निफ्टीत व्यवहार करणारेही ती वापरतात. नाव चमत्कारिक असलं, तरी गणित बेरीज-वजाबाकीचंच आहे.

समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि मासिक एक्स्पायरीला महिना आहे. (भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत, लॉटच्या आकाराने गुणलं की रुपये मिळतील.) आपण 24,500 चा पुट 170 ला विकला. त्याचबरोबर 25,500 चा कॉल 160 ला विकला आणि 25,700 चा कॉल 105 ला विकत घेतला. या कॉलच्या जोडीतून हाती आले 55 आणि पुटचे 170, म्हणजे एकूण 225 पॉइंट. एक्स्पायरीला निफ्टी 24,500 ते 25,500 च्या मधे राहिला, तर हे सगळे आपले.

आता बाजार वर गेला असं धरू. 25,500 च्या वर विकलेला कॉल आपल्याला पैसे द्यायला लावतो. पण 25,700 च्या वर विकत घेतलेला कॉल तेवढेच पैसे परत मिळवून देतो. म्हणून निफ्टी 26,000 ला जावो की 28,000 ला, कॉलच्या जोडीवर आपण जास्तीत जास्त 200 पॉइंट देणं लागतो. पुट तर निरर्थक होऊन संपलेला असतो. घेतले 225, दिले 200, उरले 25. वरच्या बाजूला तोटा नाही तो एवढ्यासाठीच: मिळालेला प्रीमियम दोन कॉलमधल्या अंतराहून जास्त आहे.

ही अट पाळली नाही, तर नाव तेच राहतं आणि संरक्षण जातं. वरचा कॉल 25,700 ऐवजी 25,800 चा 85 ला घेतला, तर एकूण प्रीमियम 245 होतो, दिसायला जास्त. पण अंतर झालं 300. म्हणजे मोठ्या तेजीत 55 चा तोटा. ऑर्डर टाकण्याआधी ही एक वजाबाकी करायचीच, आणि शिल्लक इतकी हवी की दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक जाऊनही ती उरावी. शिवाय हा हिशेब एक्स्पायरीचा आहे. अध्येमध्ये अस्थिरता वाढली, तर खात्यात काही काळ तोटा दिसू शकतो. तो पाहून घाबरून विकत घेतलेला कॉल आधी काढून टाकणं ही सर्वात महाग चूक, कारण तीच वरची भिंत आहे.

खाली मात्र भिंत नाही. 24,500 मधून 225 वजा केले की 24,275 येतात. त्याखाली प्रत्येक पॉइंट आपल्या खिशातून जातो. 2024 च्या लोकसभा निकालाचे दोन दिवस आठवा. 3 जूनला मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी सुमारे सव्वातीन टक्के चढला, तर 4 जूनला निकाल येऊ लागताच जवळपास सहा टक्के कोसळला. आपल्या उदाहरणात सव्वातीन टक्क्यांच्या उसळीने निफ्टी 25,800 च्या आसपास जातो आणि एक्स्पायरीला तिथेच राहिला तर 25 पॉइंट फायदा मिळतो. सहा टक्क्यांच्या घसरणीने तो 23,500 वर येतो आणि तिथे संपला तर 775 पॉइंट तोटा होतो, म्हणजे सर्वाधिक शक्य नफ्याच्या तिपटीहून जास्त.

मग खाली 24,000 चा पुट 90 ला घेऊन तिथेही भिंत का बांधू नये? बांधता येते, खालचा तोटा 365 वर थांबतो. पण मग हाती 135 च उरतात, आणि ते 200 च्या अंतराला पुरत नाहीत; वर 65 चा तोटा परत येतो. ही झाली आयर्न कॉन्डोर, जेड लिझर्ड नव्हे. म्हणूनच ही मांडणी बाजार घसरणार नाही असं मनापासून वाटणाऱ्याची आहे, आणि घसरलाच तर तोटा सोसण्याइतकी शिल्लक खात्यात असणाऱ्याची. 'वर धोका नाही' एवढंच ऐकून यात उतरू नका.