लॉगिन तर झालं, पण हे बिल कुणाचं?

२०११ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिटीग्रुप या बड्या बँकेच्या लक्षात आलं की, तिच्या क्रेडिट कार्ड ग्राहकांची माहिती कुणीतरी उपसून नेतंय. नेमका आकडा पुढे आला तेव्हा ३ लाख ६० हजारांहून जास्त खात्यांना झळ पोचली होती. नावं, खाते क्रमांक, ईमेल पत्ते असा ऐवज चोरांच्या हाती लागला. त्यातल्या सुमारे ३,४०० खात्यांतून मिळून २७ लाख डॉलर लंपास झाल्याचं बँकेने नंतर सांगितलं.

चोरांनी तिजोरी फोडली नव्हती की लाखो ग्राहकांचे पासवर्ड शोधून काढले नव्हते. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार ते ग्राहकांसाठीच्या साइटवर रीतसर लॉगिन करून आत शिरले. आत गेल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो, त्यात त्यांना खाते क्रमांक आढळला. तिथे दुसरा क्रमांक घातला की दुसऱ्याचं खातं समोर! मग हेच काम त्यांनी एका प्रोग्रामवर सोपवलं आणि तो हजारो क्रमांक एकापाठोपाठ एक घालून बघत राहिला.

बँकेच्या दारावरची तपासणी चोख होती, म्हणजे ऑथेंटिकेशन झालं होतं. ‘तू कोण?’ हा त्यातला प्रश्न. राहिलं होतं ते ऑथरायझेशन, म्हणजे ‘तू जे मागतोयस ते तुला द्यायचं का?’ हा प्रश्न. दोन्ही शब्द कानाला सारखे वाटतात आणि कामं मात्र अगदी वेगळी आहेत. गोंधळ इतका सर्रास होतो की, अ‍ॅपसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब अ‍ॅपमधल्या धोक्यांत पहिला क्रमांक या अधिकार तपासणीतल्या चुकांचा लागला. आधीच्या, २०१७ च्या यादीत त्या पाचव्या होत्या.

चूक नेमकी कुठे होते, हे पाहण्यासाठी एक साधं काल्पनिक अ‍ॅप घेऊ. एका गृहनिर्माण सोसायटीचं अ‍ॅप आहे. त्यात सभासदांना मेंटेनन्सचं बिल दिसतं, खजिनदार भरणा नोंदवतो, सेक्रेटरीला सगळ्यांची थकबाकी दिसते आणि गेटवरचा वॉचमन आल्यागेल्याची नोंद करतो.

फ्लॅट ३०२ मधल्या जोशीबाई मोबाइल नंबर टाकतात, ओटीपी येतो, तो जुळतो. सर्व्हर त्यांच्या नावाने एक सेशन उघडतो आणि फोनकडे एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारं टोकन देतो. इथून पुढे फोन जे जे मागेल त्याच्यासोबत हे टोकन जातं आणि त्यावरून सर्व्हरला कळतं की, मागणारी व्यक्ती फ्लॅट ३०२ ची सभासद आहे. ओळख पटवण्याचं काम इथे संपलं.

आता जोशीबाई ‘माझं बिल’वर बोट ठेवतात. अ‍ॅप सर्व्हरकडे `/bills/4127` अशी मागणी पाठवतं. घाईत काम उरकणारा प्रोग्रामर टोकन खरं आहे की नाही तेवढं बघतो आणि डेटाबेसला विचारतो:

```
SELECT * FROM bills WHERE id = 4127
```

बिल येतं, ते जोशीबाईंचंच असतं. चाचणी पास, सगळे खूश. पण एखाद्या उपद्व्यापी सभासदाने 4127 च्या जागी 4128 पाठवलं, तर? त्याचं टोकनही खरंच आहे. सर्व्हर निमूटपणे शेजाऱ्यांचं बिल, थकबाकी आणि फोन नंबर त्याच्या हातात ठेवतो. सिटीच्या बाबतीत झालं ते याच जातीचं. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```
SELECT * FROM bills
WHERE id = 4127 AND flat_id = 302
```

यातली खुबी 302 या आकड्यात आहे. तो सर्व्हरने सेशनमधून घ्यायचा. फोनने ‘मी ३०२ वाला’ म्हणून पाठवलेला आकडा वापरला तर पहिले पाढे पंचावन्न, कारण फोनकडून येणारी कुठलीही गोष्ट वापरणारा बदलू शकतो.

इथवर सोपं आहे. पण सेक्रेटरीला सगळ्यांची बिलं दिसायला हवीत, म्हणून नियमाला फाटा फुटतो. खजिनदाराने भरणा नोंदवावा, पण स्वतःच्याच फ्लॅटचं विलंबशुल्क माफ करावं का? भाडेकरूला बिल दिसावं की फक्त मालकाला? हे प्रश्न संगणकशास्त्राचे नाहीत, सोसायटीच्या कारभाराचे आहेत. लॉगिनची यंत्रणा तयार विकत मिळते, एकदा बसवली की झालं. अधिकारांचे नियम मात्र प्रत्येक अ‍ॅपचे निराळे, शिवाय ते प्रत्येक मागणीच्या वेळी तपासावे लागतात. शंभर ठिकाणी तपासलं आणि पीडीएफ डाउनलोड करायच्या एका जागी राहून गेलं, तर भोक तिथे पडतं. म्हणून जाणकार लोक उलटा नियम लावतात: स्पष्ट परवानगी लिहिलेली नसेल तर नकार.

बटण लपवणं हाही एक फसवा उपाय. वॉचमनच्या स्क्रीनवर ‘थकबाकी’चं बटण दिसत नाही, म्हणून त्याला ती मिळणार नाही असं अनेक कंपन्या धरून चालतात. बटणाशिवायही तीच मागणी सर्व्हरकडे पाठवता येते आणि त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. अनुक्रमांकांऐवजी लांब, वेडेवाकडे क्रमांक देण्याची पद्धतही आहे. तिने अंदाजाने क्रमांक शोधणं अवघड होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली एक लिंक हाती लागली की तेही कवच गळून पडतं.

आणि मग येते सोसायटीची निवडणूक. जुने सेक्रेटरी पायउतार होतात, पण सभासद राहतातच. त्यांचा नंबर तोच, ओटीपी बरोबर, ओळख शंभर टक्के खरी. फक्त अधिकार गेलेला आहे. काही अ‍ॅप टोकनमध्येच ‘सेक्रेटरी’ असं पद लिहून ठेवतात आणि ते टोकन संपेपर्यंत त्यावर विश्वास ठेवतात. टोकन महिनाभराचं असेल, तर जुने सेक्रेटरी महिनाभर सगळ्यांची बिलं बघत राहतील. अशा ठिकाणी एक तर टोकनची मुदत मिनिटांत ठेवावी किंवा पद दरवेळी डेटाबेसमधून ताजं वाचावं.

गडबड सुरू झाली की ती नोंदींत उमटते. एकाच सेशनवरून 4101, 4102, 4103 अशी ओळीने मागणी येत असेल, तर तो बिल भरायला आलेला सभासद नव्हे. सर्व्हरच्या उत्तरांतही फरक असतो: ओळखच पटली नसेल तर तो 401 हा क्रमांक पाठवतो, ओळख पटली पण अधिकार नसेल तर 403. परक्याच्या बिलाच्या मागणीला 200, म्हणजे ‘हे घ्या’, असं उत्तर गेलेलं दिसलं की चोरी झालेली आहे. मात्र या नोंदी कुणी बघतच नसेल, तर त्यांचा उपयोग शून्य.

तुमची सोसायटी, शाळा किंवा पतसंस्था नवं अ‍ॅप घेणार असेल, तर विक्रेत्याने ओटीपीचं कौतुक सांगितल्यावर थांबू नका. दोन चाचणी खाती उघडायला लावा. एका खात्याने लॉगिन करून दुसऱ्याच्या बिलाचा क्रमांक त्यांनाच तुमच्यासमोर टाकायला सांगा आणि नकार येतो का ते बघा. हा प्रयोग चालू अ‍ॅपवर, दुसऱ्यांच्या खऱ्या माहितीवर स्वतः करू नका. परवानगीशिवाय संगणक यंत्रणेतली माहिती काढणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा भंग आहे आणि ते लबाडीने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.