पहिलं उत्तर किती वेळात?

कुर्ल्यात एलबीएस मार्गावर दोन-तीनशे माणसांचं एक ऑफिस आहे असं धरू. आयटी हेल्पडेस्कचा सोमवारचा रिपोर्ट सांगतो: ‘पहिल्या प्रतिसादाचा सरासरी वेळ ४२ मिनिटं.’ तिकिटं दहाच होती आणि उत्तराला लागलेली मिनिटं अशी: ४, ६, ७, ९, १०, १२, १४, १८, २५ आणि ३१५. नऊ जणांना पंचवीस मिनिटांत उत्तर मिळालं, एकाकडे सव्वापाच तास कुणी फिरकलंच नाही. ४२ मिनिटं थांबलेला माणूस या यादीत नाहीच!

म्हणून सर्व्हिस लेव्हल इंडिकेटर, म्हणजे एसएलआय, सरासरीत मांडू नये, टक्क्यांत मांडावा: आलेल्या तिकिटांपैकी किती तिकिटांना ३० मिनिटांच्या आत पहिलं उत्तर मिळालं? इथे दहापैकी नऊ, म्हणजे ९० टक्के. ‘९५ टक्के हवेत’ हे झालं उद्दिष्ट. ते मोजमापापासून वेगळं ठेवायचं.

आता खरी मेहनत घड्याळाची. ते तिकीट नोंदवल्यावर सुरू होतं, कुणाच्या नावावर टाकल्यावर नाही. नाहीतर रांगेत पडून राहिलेला वेळ गायब होतो. थांबतं ते माणसाने लिहिलेल्या उत्तरावर. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा आपोआप जाणारा मेल धरला, तर इंडिकेटर कायम शंभर टक्केच दाखवणार. ऑफिस सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते साडेसहा असेल, तर शुक्रवारी ६:१०ला आलेल्या तिकिटाला सोमवारी ९:५०ला दिलेलं उत्तर ४० मिनिटांचं धरायचं, ६३ तास ४० मिनिटांचं नाही.

सर्वात जास्त फसवतं ते उत्तरच न मिळालेलं तिकीट. त्याला प्रतिसादाची वेळ नसते, त्यामुळे बऱ्याच रिपोर्टांतून ते गळतं. वरच्या दहांत दोन तास पडून असलेलं अकरावं तिकीट मिळवा: अकरापैकी नऊ, म्हणजे जेमतेम ८२ टक्के. ज्याची ३० मिनिटं उलटली, ते प्रत्येक तिकीट छेदात आलंच पाहिजे.

पावसात रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या, की सगळे घरून काम करतात आणि व्हीपीएनच्या तक्रारींची झुंबड उडते. असे दिवस वगळायची मागणी होते. वगळू नयेत; खोळंबलेल्याचा खोळंबा खराच असतो. हवं तर शेजारी शेरा लिहावा.

आकडा सुधारला आणि तक्रारी तेवढ्याच राहिल्या, तर वीसेक तिकिटं उघडून पहिली उत्तरं वाचा. ‘पाहतो’ एवढंच लिहिलेलं असेल, तर व्याख्या घट्ट करा: उत्तरात नेमका प्रश्न किंवा पुढची पायरी हवी. तरीही हा इंडिकेटर काम कधी झालं ते सांगत नाही, आणि थेट टेबलाशी येऊन ‘जरा प्रिंटर बघता का’ म्हणणारेही त्यात येत नाहीत. त्यांचंही तिकीट तिथल्या तिथे नोंदवायला लावा.