शंभर व्होल्टचा माल

सकाळी 9:40
ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला लागलं की डाव्या-उजव्या गल्ल्यांत वरपर्यंत दुकानंच दुकानं. त्यातल्या एका गल्लीत आठ फूट रुंदीचा हा गाळा. मालकाला सगळे मामा म्हणतात. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीला, खिशात टेस्टर. शटर वर गेलं की पोऱ्या आधी टेबल पुसतो, मग मल्टिमीटर मेन बोर्डाला लावतो. आज 238. मामा तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहितात. त्यांच्या धंद्यात दिवसाची सुरुवात या आकड्यापासून होते, कारण ते विकतात तो माल 100 व्होल्टचा.

माल म्हणजे जपानी ॲम्प्लिफायर आणि रिसीव्हर. जुने, जड, ॲल्युमिनियमच्या जाड बटणांचे. जपानात घरगुती वीज 100 व्होल्ट, आणि तिथल्या जहाजांच्या केबिनमध्येही बहुधा तीच. जहाज भंगारात अलंगला लागतं, आतलं सामान रस्त्याकडेच्या वखारींत विकायला येतं, आणि तिथून लॉट मुंबईला. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही हे ठाऊक आहे.

सकाळी 10:30
टेम्पो गल्लीत शिरत नाही. हमाल नगामागे 60 रुपये घेतो, आज पाच नग. जिना नाही म्हणून स्वस्त, असं तोच सांगतो. एकेका नगाचं वजन दहा-बारा किलो. वजन सगळं आतल्या ट्रान्सफॉर्मरचं.

मामा नग आडवा करून पहिल्यांदा पाठ बघतात. पुढचा चेहरा नंतर. पाठीवर पत्र्याची पट्टी असते: एसी 100 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ, 180 वॅट. 50 आणि 60 दोन्ही लिहिलेलं पाहिजे. जपानात पूर्वेला 50 आहे, पश्चिमेला 60, त्यामुळे बहुतेक नगांवर दोन्ही असतात. एका नगावर फक्त 60. तो मामा बाजूला सारतात. कमी फ्रिक्वेन्सीवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त करंट ओढणार, गुरगुरणार, तापणार. “पार्टला काढू,” म्हणतात.

लॉटमध्ये एक तबकडी वाजवण्याचं मशिनही आहे. त्याची मोटर 60 वर चालणारी, सिंक्रोनस. आपल्याकडे 50. व्होल्टेज कितीही बरोबर दिलं तरी ती सहातली एक फेरी खाणार आणि गायिकेचा गायक होणार. व्होल्टेज उतरवता येतं, फ्रिक्वेन्सी या किमतीत बदलता येत नाही. तेही बाजूला.

सकाळी 11:15
आता टेस्टिंग. टेबलावर सिरीज बोर्ड आहे: लाकडी पाट, त्यावर होल्डरमध्ये 100 वॅटचा पिवळा बल्ब, त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी इथे चालत नाही, तार असलेलाच बल्ब लागतो. तो आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून मामांनी खोक्यात साठवून ठेवलेत. बोर्डापुढे स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे नग.

पोऱ्या बटण दाबतो. बल्ब भक्कन पेटतो आणि हळूहळू मंदावतो. म्हणजे आतले कपॅसिटर भरले, शॉर्ट नाही. दुसऱ्या नगाला बल्ब पेटतो तो पेटलेलाच राहतो. मामा मान हलवतात. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. सरळ लावला असता तर धूर निघाला असता.

पहिला नग मग बल्बाशिवाय लावतात. चार-पाच सेकंदांनी आत टक् होतं. तो रिले. सगळं ठीक असेल तरच तो स्पीकर जोडतो. तरीही मामा मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावतात. डावीकडे 18, उजवीकडे 26. पन्नासच्या आत असलं की ते बोलत नाहीत. इथे व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल जळणार. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते, म्हणून फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि बटण वीसेक वेळा मागेपुढे. हे काम पोऱ्याचं. त्याला महिन्याला 15 हजार मिळतात, आणि त्याची बोटं दिवसभर क्लीनरच्या वासाची.

दुपारी 1:30
डबा. चवळीची उसळ, पोळ्या. शेजारच्या दुकानातला लोणचं मागायला येतो आणि अर्धा तास बसतो.

दुपारी 2:20
सांगलीहून एक निवृत्त बँकवाले आलेत. सकाळी टेस्ट झालेला रिसीव्हर त्यांना पसंत आहे. 14,500 सांगितले, 13,500 ला ठरतं. ते पाकीट काढणार तोच मामा म्हणतात, “साहेब, थांबा. आधी काय काय चालणार नाही ते ऐका.”

“रेडिओ लागणार नाही.”

साहेब डायलकडे बोट दाखवतात. एफएम लिहिलंय की.

“आकडे बघा. 76 पासून 90. जपानचा पट्टा. आपली रेडिओ सिटी 91.1, मिर्ची 98.3. काटा तिथवर जातच नाही.”

साहेब हसतात, पण किंमत परत काढत नाहीत. त्यांना कॅसेट आणि मोबाइल लावायचाय. मग ते पिशवीतून ट्रॅव्हल ॲडॉप्टर काढतात. विमानतळावर घेतलेला, चांगला महागाचा. “पिन बसेल ना याने?” मामा तो हातात घेतात. पिन बसेल. त्याने पिनच बदलते, व्होल्टेज नाही. 230 जसंच्या तसं आत जाईल. दर वेळी कुणीतरी हे विचारतं, आणि दर वेळी मामा तितक्याच शांतपणे सांगतात. माझा संयम केव्हाच संपला असता.

मग बिल. मामा छापील बिलाच्या मागे हाताने लिहितात, आणि लिहिताना मोठ्याने वाचतात:

“नग परदेशी, वापरलेला. 100 व्होल्ट. प्लग दोन चपट्या पिनांचा, अर्थिंग नाही. सोबत 500 व्हीए स्टेप डाऊन, 230 चे 100, तांब्याचं वाइंडिंग, 2,600 रुपये वेगळे. कंपनीची भारतात वॉरंटी नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर हा नग घेणार नाही. दुकान 30 दिवस जबाबदार. त्यात बिघडला तर मजुरी आणि पार्ट दुकानाचे, दुरुस्त झाला नाही तर पैसे परत. पुढे सहा महिने मजुरी नाही, पार्टचे पैसे. डिस्प्ले आणि रिमोट मिळत नाहीत, त्यांची हमी नाही. ने-आण गिऱ्हाईकाची. थेट 230 ला लावल्यास दुरुस्ती पैसे घेऊन.”

खाली सिरियल नंबर, दोघांच्या सह्या. गल्लीत बाकी बिलांवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. मामांनी तो कधीच फेकून दिला. “ग्राहक आयोगात तो शिक्का टिकत नाही. आणि गिऱ्हाईक तिथे गेलं तर माझे चार दिवस जाणार.”

दुपारी 4:10
कल्याणहून एक बाई येतात. रिक्षा, लोकल, पुन्हा टॅक्सी. हातात चादरीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर. घेऊन दोन महिने झाले, काल अचानक बंद.

मामा बिल मागतात, नंबर जुळवतात, झाकण उघडतात. वार्निश जळाल्याचा वास माझ्यापर्यंत येतो. फ्यूजच्या क्लिपमध्ये काचेची नळी नाही, तांब्याची जाड तार पिळून बसवली आहे.

“ताई, ही कुणी बसवली?”

घराजवळच्या दुरुस्तीवाल्याने. काढलेला फ्यूज त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलाय. मामा तो उजेडात धरतात. काच आतून काळी, चंदेरी झालेली. मलाही दाखवतात. थोडासा जादा लोड झाला तर तार मधोमध तुटते आणि काच स्वच्छ राहते. काच अशी माखली म्हणजे करंट एकदम प्रचंड आला.

बाई जरा गप्प राहून सांगतात. घरी रंगकाम होतं. रंगाऱ्याने सामान हलवलं, नंतर मुलाने प्लग एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला. हल्लीच्या या बोर्डांत सगळ्या देशांच्या पिना बसतात, चपट्याही. स्टेप डाऊन कपाटामागे राहिला. फ्यूजने आपलं काम केलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर पाच रुपयांत भागलं असतं. तार बसवून पुन्हा लावला तेव्हा ट्रान्सफॉर्मर गेला. मामा मीटर प्रायमरीला लावतात. काहीच येत नाही, ओपन.

“रिवाइंडिंग 1,800. ते तुमच्याकडे. माझी मजुरी सोडली. आठ दिवस लागतील.”

बाई 1,500 म्हणून बघतात. वाइंडिंगवाल्याचा दर मामांच्या हातात नाही. 1,800 च राहतात. 500 ॲडव्हान्स देऊन त्या निघतात, चादर घडी घालून परत नेतात.

संध्याकाळी 6:00
सांगलीच्या नगाचं पॅकिंग. थर्माकोल, दोन थर खोका, वर सुतळी. साहेब रात्रीच्या बसने जाणार, नग डिकीत. कल्याणच्या ताईंमुळे आज एक काम वाढलंय. पोऱ्या नगाचा प्लग स्टेप डाऊनच्या सॉकेटात घालतो आणि दोन्ही एकत्र लाल टेपने गुंडाळतो. काढायचं तर टेप फाडावी लागेल. वर मार्करने मराठीत: 100 व्होल्ट, भिंतीत लावू नये. यापुढे प्रत्येक नगाला असंच, मामा सांगतात. टेपचा रोल 30 रुपयांचा.

साहेब विचारतात, स्टेप डाऊनला दुसरं सॉकेट आहे, त्यावर कॅसेट डेक लावू का? डेक कुठला? इथलाच, 230 चा. “मग तो भिंतीवर. या डब्यातून फक्त जपानी.”

संध्याकाळी 7:35
वाइंडिंगवाल्याचा मुलगा तीन नवे स्टेप डाऊन घेऊन येतो. मामा पैसे देण्याआधी एकेक मेनला लावतात. मीटरवर आता 240. पहिला 104 दाखवतो, दुसराही. तिसरा 115.

“हा 110 चा बांधलाय.”

मुलगा म्हणतो, बाजारात सगळे 110 चेच घेतात, तेच तर चालतं. अमेरिकेच्या 120 च्या मालाला चालतं. मामा दुपारचा मेलेला नग ओढून कपॅसिटरवरचा आकडा दाखवतात: 50 व्होल्ट. शंभरावर आतली सप्लाय लाइन 42 असते. 115 दिले की 48 वर जाते. लगेच काही होत नाही. तापत राहतं, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक त्याच बिलाचा कागद घेऊन इथे उभं राहतं.

मुलगा तिसरा पिशवीत परत टाकतो. मामा दोनच डब्यांचे पैसे मोजतात, 2,100 प्रमाणे 4,200, आणि वहीत लिहितात: एक परत, सोमवारी 100 चा पाहिजे.