चौथा विषय लिफ्टखाली गेला

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत थकबाकीचा विषय चर्चेला आलाच नाही. विषयपत्रिकेत तो होता. सूचना फलकावर लावलेल्या छापील कागदावर स्पष्टपणे चौथ्या क्रमांकावर होता. पण सभासदांच्या हाती असलेली प्रत फलकाच्या फोटोवरून टाइप केलेली होती, आणि तिच्यात तो तिसऱ्या विषयातल्या लिफ्टचा चौथा उपमुद्दा होऊन बसला होता. लिफ्टचं काम पुढच्या सभेपर्यंत तहकूब झालं, आणि थकबाकीही त्याबरोबर गेली. ती प्रत मी टाइप केली होती. शब्द एकही चुकला नव्हता, चुकली होती फक्त पायरी.

तेव्हापासून फोटोवरून विषयपत्रिका किंवा अभ्यासक्रम उतरवताना मी काम करण्याची रीतच बदलली आहे.

फोटोतून मजकूर काढणारी ओसीआर साधनं आता मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतात. पण कुठला मुद्दा कुणाच्या पोटात आहे, हे कागदावर शब्दांत लिहिलेलं नसतं. ते आपण डावीकडच्या मोकळ्या जागेवरून समजून घेतो, आणि फोटोत सर्वांत आधी बिघडते ती हीच जागा. ए-४ कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साधारण २५० मिलिमीटर अंतर असतं. मोबाइल फक्त दोन अंश तिरका धरला, तरी तेवढ्या उंचीत डावा समास जवळपास ९ मिलिमीटर सरकतो. स्पेसबार दाबून आत घेतलेला उपमुद्दा पुष्कळदा ७-८ मिलिमीटरच आत असतो. म्हणजे वरचा मुख्य विषय आणि खालचा उपमुद्दा फोटोत एका उभ्या रेषेत दिसू शकतात. त्यात फलक उंचावर असला आणि फोटो खालून काढला, तर कागदाचा वरचा भाग अरुंद होतो आणि समास आणखी कलतो.

म्हणून फोटोच्या कडेपासून अंतर कधीच मोजू नये. जे क्रमांक मुख्य विषयांचेच आहेत याबद्दल शंका नाही, असे दोन निवडावेत. उदाहरणार्थ, अगदी वरचा १ आणि ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या आधीचा शेवटचा आकडा. मोबाइलच्या फोटो-संपादनातल्या पेनने त्यांच्यामधून सरळ रेघ ओढावी. ती तिरकी येईल, पण कागदाचा खरा समास तीच, आणि प्रत्येक ओळ किती आत आहे हे तिच्यापासून पाहायचं. रेघ आकड्याच्या सुरुवातीला न टेकवता आकड्यानंतरच्या टिंबाला टेकवलेली बरी, कारण ९ नंतर १० आला की दोन अंकांमुळे सुरुवात डावीकडे जाऊ शकते.

आमच्या कागदाला मात्र एवढं पुरलं नसतं. तो चार घड्या घालून आणलेला होता आणि आडवी घडी नेमकी चौथ्या विषयावर होती. तिथे कागद फुगला आणि ४ हा आकडा उजवीकडे सरकून उपमुद्द्यांच्या रांगेत दिसू लागला. तिसरा विषय होता ‘इमारतीची कामे’. त्यात (अ) गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि (ब) लिफ्ट. वॉटरप्रूफिंगखाली १, २ असे दोन मुद्दे होते. लिफ्टखाली १ निविदा उघडणे, २ खर्चाची वाटणी, ३ कामाचा कालावधी असे तीन. त्यानंतरची ओळ होती ‘४. थकबाकीदार सभासदांवरील कारवाई’. उपमुद्द्यांत ३ नंतर ४ बसतो आणि मुख्य विषयांतही ३ नंतर ४ बसतो. मी नजरेवर विश्वास ठेवला.

खरं तर उत्तर पुढच्या ओळीत होतं. थकबाकीनंतर मुख्य रांगेत थेट ५ येत होता. ४ लिफ्टचा मानला, तर मुख्य यादीत ३ नंतर एकदम ५ येतो आणि चौथा विषय कुठेच सापडत नाही. शिवाय थकबाकीचा लिफ्टशी काही संबंध नाही. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी क्रमांकांची साखळी मागेपुढे दोन्ही बाजूंनी जुळते का ते बघायचं, मग अर्थ बघायचा, आणि मोकळ्या जागेची साक्ष शेवटी घ्यायची.

ही साखळी तपासताना मराठीतली एक खोच लक्षात ठेवावी. आपल्याकडे उपमुद्दे अ, ब, क, ड असे जातात, तसेच क, ख, ग, घ असेही जातात. ‘(क)’ दिसला की तो तिसरा की पहिला, हे त्याच्या आधी ‘(ब)’ आहे की नाही आणि नंतर ‘(ड)’ येतो की ‘(ख)’, यावरून कळतं. पुसट छपाईत ड चा इ होतो, १ चा ९ होतो, आणि ‘१.१’ मधलं टिंब हरवलं की थेट ११ उभा राहतो. गोल बुलेटचं शून्यही होतं. साखळी तुटलेली दिसली, की तिथे फोटो मोठा करून अक्षर डोळ्यांनी वाचायचं.

कधी कधी मात्र चूक मूळ कागदावरच असते. आमच्या विषयपत्रिकेत ५ दोनदा छापला होता: एकदा लेखापरीक्षकाची नेमणूक, दुसऱ्यांदा रंगकाम. अशा वेळी सुधारण्याचा मोह आवरावा. सभेची सूचना त्या क्रमांकांनिशी निघालेली असते आणि ठरावात ‘विषय क्र.’ म्हणून तोच आकडा लिहिला जातो. प्रतीत ५, ५, ६ असंच ठेवावं आणि दुसऱ्या ५ शेजारी कंसात ‘मुळात असेच’ लिहावं. वर्डची आपोआप क्रमांक देणारी सोय इथे घात करते. ती यादी परस्पर ५, ६, ७ करून टाकते आणि आपल्या लक्षातही येत नाही. त्यामुळे उतरवताना ही सोय बंद ठेवून आकडे हाताने टाइप करावेत. सोय वापरायचीच असेल, तर क्रमांकावर उजवी क्लिक करून `Set Numbering Value` मध्ये छापील आकडा द्यावा.

प्रत पुढे व्हॉट्सॲपवर गेली, कुणी ती ईमेलमध्ये चिकटवली, की ओळींमागच्या मोकळ्या जागा टिकतीलच याची खात्री नसते. यावर मला सापडलेला पक्का उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला तिचा पूर्ण पत्ता देणं. नुसतं ‘२. खर्चाची वाटणी’ असं न लिहिता ‘३(ब)२. खर्चाची वाटणी’ असं लिहायचं. मग सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटल्या तरी कोण कुणाखाली आहे हे कळतं. जिथे छापील खूण जशीच्या तशी राखायची असते, तिथे मी तक्त्यात दोन रकाने करते: एकात कागदावरची खूण, दुसऱ्यात पूर्ण पत्ता. ज्या ओळीला खूणच नाही, तिला वेगळा मुद्दा करण्याआधी ती वरच्याच वाक्याचा उरलेला भाग नाही ना, हे वाचून बघते. आणि फोटो कापला गेल्यामुळे साखळी जुळतच नसेल, तर अंदाजाने पायरी न ठरवता तिथे प्रश्नचिन्ह ठेवते आणि मूळ कागद पाहून येते.

प्रत वाटण्याआधी दोन मिनिटांची मोजणी करा. आमच्या कागदावर मुख्य विषय सात होते, त्याखाली अक्षरांचे मुद्दे दोन आणि त्यांच्या पोटातले आकड्यांचे मुद्दे पाच. माझ्या प्रतीत होते सहा, दोन आणि सहा. एकूण बेरीज दोन्हीकडे चौदाच, म्हणून नुसत्या ओळी मोजून काही कळलं नसतं. प्रत्येक पायरीवरचे मुद्दे वेगळे मोजा, आणि शक्य असेल तर ती मोजणी फोटोसमोर न करता फलकासमोर उभं राहून करा.