झोपेतून उठल्यावर मनगट लुळं पडलं, हा लकवा आहे का?

कापसाच्या हंगामातली रात्र आहे, असं समजा. पांढरकवड्याच्या एका जिनिंगबाहेर गाड्यांची रांग लागली आहे आणि नंबर सकाळीच लागणार आहे. दिवसभर कापूस भरून थकलेला शेतकरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकतो आणि तसाच झोपी जातो. पहाटे जाग येते तेव्हा हात खांद्यातून उचलता येतो, पण मनगट खाली लोंबकळत राहतं. चहाचा कपही धरता येत नाही. सोबतचे लोक घाबरून म्हणतात, "लकवा मारला!"

बहुतेक वेळा हा मेंदूचा लकवा नसतो. दंडातली एक नस दबलेली असते. पण हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

नेमकं काय दबतं?

मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंना 'रेडियल नर्व्ह' ही नस चालवते. ती दंडाच्या हाडाला मागच्या बाजूने वळसा घालून खाली येते आणि तिथे ती हाडाला अगदी लागून असते. खुर्चीची कडा दंडावर रुतली की नस कडा आणि हाड यांच्यामध्ये चेपली जाते. तिचा रक्तपुरवठा कमी होतो, तिच्यावरचं आवरण बिघडतं आणि संदेश पुढे जाणं थांबतं.

एरवी हाताला मुंग्या आल्या की आपण झोपेतच कूस बदलतो. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा कमालीचा थकवा असेल तर ही जाग येत नाही. म्हणूनच इंग्रजीत या त्रासाला 'सॅटरडे नाइट पाल्सी' म्हणतात.

लकवा नाही, हे कसं कळतं?

नस दबली असेल तर मनगट आणि बोटं वर उचलता येत नाहीत, पण कोपर सरळ करता येतं. कारण कोपर सरळ करणाऱ्या स्नायूच्या फांद्या दबलेल्या जागेच्या वरच फुटलेल्या असतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली हाताच्या मागची त्वचा बधिर होते. पकड ढिली वाटते, पण दुसऱ्याने मनगट वर धरून दिलं की मूठ घट्ट आवळता येते.

मेंदूच्या लकव्यात बहुधा चेहरा वाकडा होतो, बोलणं अडखळतं, त्याच बाजूचा पायही कमजोर होतो. पण मेंदूतला एखादा छोटा झटका फक्त हातावरही दिसू शकतो. म्हणून घरच्या तपासणीवर विसंबू नका. अचानक कमजोरी आली की लगेच रुग्णालयात जा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास त्याच वेळेपासून मोजतात.

फवारणीशी संबंध असू शकतो का?

२०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेमुळे यवतमाळ देशभर चर्चेत आलं होतं, त्यामुळे इथे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. काही ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांमुळे नसा निकामी होऊ शकतात. पण तो त्रास विषबाधेनंतर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतो, आधी पायांत येतो आणि दोन्ही बाजूंना असतो. एका रात्रीत एकच मनगट पडलं, तर कारण बहुधा वेगळं असतं.

बरं व्हायला किती दिवस?

फक्त आवरण बिघडलं असेल तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत हात पूर्ववत होतो. आधी मनगट उचलायला लागतं, बोटं नंतर. आतले तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे कित्येक महिने लागतात. यातला फरक नसांच्या तपासणीत कळतो, पण ती साधारण तीन आठवड्यांनी केली तरच नीट उत्तर मिळतं. पहिल्याच दिवशी केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

तोपर्यंत मनगट थोडं वर उचलून धरणारी पट्टी बांधतात. लोंबकळत राहिल्याने स्नायू ताणले जाऊ नयेत, हा तिचा उद्देश. दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं दिवसातून काही वेळा पूर्ण वर-खाली हलवायची, म्हणजे सांधे आखडत नाहीत. जोरात मालीश करू नका. बधिर भागाला गरम शेकही देऊ नका, कारण चटका बसला तरी कळत नाही.

तीन महिन्यांनंतरही मनगट जराही उचलत नसेल, तर मेंदू आणि नसांच्या तज्ज्ञाकडे पुन्हा जा. काही वेळा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो आणि फार उशीर झाला तर सुकलेल्या स्नायूत पुन्हा ताकद येणं अवघड होतं.