दोन हारांमधली मोकळी जागा

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला निघताना मी गळ्यात ठुशी, रोजचं छोटं मंगळसूत्र आणि आईची बोरमाळ असे तीन दागिने घातले. तिन्ही मला आवडतात, तिन्ही सोन्याचे, तरी आरशात गळ्याशी नुसता गुंता दिसत होता. बोरमाळ काढली तर गळा ओकाबोका वाटे, घातली तर गर्दी. शेवटी शिवणाच्या टेपनं तिन्ही मोजले, तेव्हा चूक सापडली.

ठुशी 15 इंच, मंगळसूत्र 18 आणि बोरमाळ 20 इंच होती. मंगळसूत्र आणि बोरमाळ यांच्या लांबीत दोन इंचांचा फरक, म्हणून त्यांच्यात दोन इंच अंतर राहील असं आपण धरून चालतो. पण हार गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली येतो. लांबी दोन इंच वाढली तर पुढे तो साधारण एकच इंच खाली उतरतो. मंगळसूत्राच्या वाट्या त्याच्या साखळीखाली इंचभर लोंबतात, म्हणजे त्या नेमक्या बोरमाळेच्या मण्यांवर येऊन बसत होत्या. वाट्या दिसत नव्हत्या आणि मणीही दिसत नव्हते.

बोरमाळेला मागे दोऱ्याचा गोंडा होता. तो सैल करून माळ 26 इंचांवर नेली. आता ती मंगळसूत्राच्या साखळीपेक्षा चार इंच खाली आली. त्यातला एक इंच वाट्यांचा सोडला तरी तीन इंच मोकळे राहिले. ठुशी आणि मंगळसूत्र यांच्यात दीड इंच होतंच. नवा एकही दागिना न घेता तीन रांगा वेगवेगळ्या वाचता येऊ लागल्या. आपल्या जुन्या दागिन्यांना मागे गोंडा का असतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. एकच हार गळ्याच्या, पोलक्याच्या आणि सोबतच्या दागिन्यांच्या मापानं वरखाली करता यावा, ही सोय त्यात आहे. साखळीला गोंडा नसतो, पण सोनाराकडून तिला दोन-तीन इंचांची जोडसाखळी लावून घेता येते.

अंतर जमलं की जाडीकडे बघावं. सारख्या जाडीच्या, सारख्या वजनाच्या दोन नाजूक साखळ्या तासाभरात एकमेकींत अडकतात. एक भरीव आणि एक नाजूक असेल तर गुंता कमी होतो. भारी, मोठा दागिना खाली आणि हलका वर ठेवला की प्रत्येक आपापल्या जागी राहतो. अपवाद ठुशीचा. ती भरगच्च असली तरी गळ्याला घट्ट बसते, त्यामुळे हलत नाही. मात्र ठुशी हीच त्या दिवसाची मुख्य वस्तू धरावी आणि खालचे हार साधे ठेवावेत. ठुशीखाली लगेच कोल्हापुरी साज घालणं मला पटत नाही. दोघांचंही काम इतकं बारीक आहे की नजर एकावरही ठरत नाही.

सोन्याबरोबर चांदी घालायची असेल तर ती एकाच ठिकाणी घालू नये. सोन्याच्या तीन हारांत चांदीची एकच साखळी चुकून राहिल्यासारखी दिसते. तीच चांदी बोटात किंवा कानात आणखी एकदा आली, की ती मुद्दाम घातली आहे हे समोरच्याला कळतं. मात्र दोन्ही धातू निम्मे-निम्मे नकोत, एकाचा वरचष्मा हवा. मंगळसूत्राचे काळे मणी इथे फार उपयोगी पडतात, कारण ते पिवळ्या आणि पांढऱ्या दोन्ही धातूंशी जुळतात. काळपट केलेल्या चांदीशी तर त्यांचं विशेष जमतं.

अंगठ्यांना तर मोकळी जागा एकाच बोटावर मिळणं कठीण, म्हणून ती बोटाबोटांत ठेवावी. एका बोटात तीन अंगठ्या घातल्या तर शेजारचं बोट रिकामं राहू द्यावं. रुंद खड्याच्या अंगठीला चिकटून दुसरी खड्याची अंगठी घालण्यापेक्षा मध्ये साधं वेढणं घालावं. त्यामागे दिसण्यापलीकडचंही कारण आहे. 22 कॅरेटचं सोनं मऊ असतं आणि हिरा त्याला सहज ओरखडतो. कडेनं हिरे असलेली अंगठी रोज शेजारच्या अंगठीवर घासली तर काही महिन्यांत ओरखडे दिसू लागतात. मुलामा दिलेल्या अंगठीचं तर खालचं पितळ उघडं पडतं. मधलं वेढणं ही झीज स्वतःवर घेतं, आणि त्याला पॉलिश करून घेणं सोपं असतं.

एकत्र घालायच्या अंगठ्यांचं मापही एकत्रच घ्या. एक अंगठी सैल बसते, तिथे तीन मिळून रुंद पट्टी होते आणि बोट आवळतं. संध्याकाळी बोटं थोडी सुजलेली असतात, तेव्हाच सोनाराकडे जा आणि तिन्ही घालून मूठ वळून बघा.